कथा: 'दुसरी उकळी' (पुण्यातल्या अमृततुल्यवाल्याची गोष्ट). शेवट पटतो का?

नीलाक्षी | शनि, रात्री १०:४२

मंडळी, कथा लिहायचा हा माझा पहिलाच प्रयत्न. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक म्हणजे शेवट पटतो का? दुसरं, धंद्यातले तपशील कुठे चुकलेत का? आमच्या गल्लीच्या तोंडावरच अमृततुल्य होतं, त्यामुळे बाकड्यावर बसून पाहिलेलं पुष्कळ आहे, पण ओट्याच्या आतल्या बाजूला मी कधी उभी राहिलेली नाही. झोडा, पण कारण सांगून.

*दुसरी उकळी*

सव्वापाचला अण्णांनी शटर अर्ध्यावर उचललं आणि वाकून आत शिरले. नारायण पेठेतलं दहा बाय आठचं दुकान. ओट्यावर वडिलांच्या वेळचं पितळी पातेलं पालथं घातलेलं होतं. अण्णांनी ते सुलटं करून दिव्याखाली धरलं. तळाशी रुपयाएवढा पिवळा डाग दिसत होता. कल्हईवाला दिवाळीनंतर फिरकलाच नव्हता.

"अण्णा, आज तरी हो म्हणा," मागून मनीषा म्हणाली. ती सहा वर्षं एका ऑफिसात हिशेब लिहीत होती. ते सोडून आता दुकानात यायचं म्हणत होती, आणि येताना मशीन आणायचं म्हणत होती. एका टाकीत गरम दूध, दुसरीत चहाचा अर्क. तोटी फिरवली की कप भरला. मध्यंतरी एक कंपनीवालाही येऊन गेला होता, 'पाटी आमची, जागा तुमची' म्हणत. अण्णांनी त्याला चहा पाजला आणि पैसे घेतले. त्यावरून काय समजायचं ते तो समजला.

"आलं कोण कुटणार तुझ्या मशीनमध्ये?"

"मिक्सरमधून रस काढून ठेवते. दोन दिवस पुरेल."

अण्णांनी खलबत्ता पुढे ओढला. आलं, दोन वेलदोडे. ठण्‌, ठण्‌, ठण्‌. समोरच्या वाड्यातले कुलकर्णी काका त्या आवाजावर उठतात असं ते स्वतःच सांगत. पंचावन्न वर्षांपूर्वी अण्णांच्या वडिलांनी कुटायला घेतलं की काका पाटी-दप्तर उचलायचे.

शेवटी अण्णा एका संध्याकाळीपुरते हो म्हणाले. मशीन आलं, ओट्याच्या कडेला बसलं. टाकीवर तांबड्या आकड्यात ६५ दिसत होतं. सहाच्या सुमाराला गर्दी वाढली. प्रत्येक कपात रस घालत बसायला नको म्हणून मनीषाने सगळा रस दुधाच्या टाकीतच ओतला. दहा मिनिटांनी तोटीतून दूध यायचं थांबलं. झाकण उघडलं तर आत पांढऱ्या गुठळ्या. बाकड्यावर अकरा माणसं वाट बघत होती.

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी पातेलं चढवलं, बर्नर पेटवला आणि खलबत्ता पुढे ओढला. ठण्‌, ठण्‌. दुसरी उकळी आली तेव्हा मनीषा डोळे पुसत शेजारी येऊन उभी राहिली आणि तिने किटलीवर फडकं धरलं.

(समाप्त)

---

चहाटळ | शनि, रात्री ११:०५

पयला! कथा वाचून रात्री अकराला चहा टाकलाय. झोपेची जबाबदारी लेखिकेची.

---

सुमेधा_ताई | शनि, रात्री ११:३१

किती गोड! शेवटी डोळ्यांत पाणी आलं. असल्या मशीनच्या चहाला आत्माच नसतो. पितळेत उकळलेल्या चहाची चव स्टीलला कधी यायची नाही, आमची आजी म्हणायची.

---

ओट्यामागचा | रवि, सकाळी ६:१२

कथा आवडली. आमच्या घरात तीन पिढ्या हाच धंदा आहे, दुकान आता धाकटा भाऊ बघतो. मी मात्र बावीस वर्षं ओट्याच्या आत उभा होतो, म्हणून लिहितो.

आधी जे बरोबर आहे ते. तळाशी पिवळा डाग दिसणं म्हणजे तिथली कल्हई गेली. अशा पातेल्यात दूध उकळून लगेच गाळलं तर एक वेळ निभावतं, पण तासभर राहिलं की कळकतं. काठाला हिरवट धरतं आणि चहा जिभेच्या मागच्या बाजूला लागतो. जुनं गिऱ्हाईक कप अर्धा ठेवून जातं, बोलत नाही. अण्णांसारखा माणूस तो डाग बघूनही त्यात चहा टाकेल, हे मला पटलं नाही. माझ्या वडिलांनी अशा दिवशी शेजारच्या दुकानातून पातेलं उसनं आणलं असतं.

सुमेधाताई, राग नसावा, पण पितळेची चव चहाला लागतच नाही. चहा टेकतो तो कथलाला, आतल्या पांढऱ्या थराला. पितळेची चव लागली तर पातेलं बिघडलंय असं समजायचं. पितळेचा उपयोग वेगळा आहे. जाड पितळेत उष्णता सगळीकडे सारखी पसरते. पातळ स्टीलच्या पातेल्यात ज्वाळेच्या बरोबर वर दूध तळाला लागतं, आणि मग करपट वास लपवायला आलं जास्त घालावं लागतं. पुण्यात आज आल्याचा जो मारा चालतो त्यातला निम्मा त्यामुळे आहे, असं माझं मत. मत म्हणजे मतच.

आता नासलेल्या दुधाबद्दल. ते दृश्य खरं आहे, आमच्याकडे घडलेलं आहे. पण दोष मशीनचा नव्हे, मनीषाचा. कच्चं आलं दुधात घालायचंच नसतं. आधी पाण्याला उकळी आणायची, त्यात साखर आणि कुटलेलं आलं, ते दणकून उकळलं की पावडर, मग दूध. एकदा उकळलेलं आलं दुधाला काही करत नाही. अण्णांना हे सांगावं लागत नाही, त्यांचा हातच त्या क्रमाने चालतो. मनीषाला ते कुणी सांगितलेलंच नाही.

---

परदेशी_पाहुणा | रवि, सकाळी ८:५०

ओट्यामागचा यांना दुजोरा. हाँगकाँगला असताना तिथे एक गोड पदार्थ मुद्दाम असाच करताना पाहिला. वाटीत ताज्या आल्याचा रस घेतात, त्यावर गोड गरम दूध उंचावरून ओततात आणि पाच-दहा मिनिटं हात लावत नाहीत. दह्यासारखं लागतं. आल्यात दूध गोठवणारं एक विकर असतं. दूध साधारण साठ-सत्तर अंशांवर असलं की ते जोरात काम करतं, उकळत्या पाण्यात गेलं की मरतं. मशीनवरचा आकडा ६५ लिहिलाय तो अगदी बरोबर पडलाय. ठरवून लिहिला की अंदाजाने?

---

नीलाक्षी | रवि, सकाळी ९:२०

अंदाजाने हो! मामाच्या ऑफिसात असं मशीन आहे, त्यावर तो आकडा पाहिला होता. दूध नासण्याचं मात्र ऐकीव होतं, कारण आज कळलं.

---

गृहकृत्यदक्ष | रवि, सकाळी ९:४४

छान माहिती. मला घरी चार कपांसाठी पितळी पातेलं घ्यायचं आहे. तुळशीबागेत मिळेल का? आणि इंडक्शनवर चालेल ना?

---

बोका_पुणेकर | रवि, सकाळी १०:०२

इंडक्शनवर पितळ तापत नाही. तळाला लोहचुंबक चिकटला तरच भांडं चालतं. तांब्याच्या तळाचं स्टीलचं घ्या, ते चालतं.

---

परदेशी_पाहुणा | रवि, सकाळी १०:१५

बोकाराव, पहिलं वाक्य बरोबर, शेवटचं गडबडलं. बाहेरून तांब्याचा तळ असलेली बहुतेक भांडी इंडक्शनवर चालत नाहीत. लोहचुंबकाची परीक्षा तुम्हीच सांगितलीत, ती तांब्याच्या तळाला लावून बघा.

---

बोका_पुणेकर | रवि, सकाळी १०:१९

लावली. पडला.

---

तिरकस_तात्या | रवि, दुपारी १२:३०

माझं थोडं कडू. लेखिकेने अण्णांना फुकट जिंकवलं आहे. बापाला जुनं सोडवत नाही, मुलीला नवं हवंय, हा पेच मांडलात तो चांगला. पण निवड करायची वेळ आली तेव्हा दूध नासवलंत. अण्णांना काही ठरवावंच लागलं नाही, त्यांच्या वतीने दुधाने ठरवलं. वर मनीषाला रडवून फडकं धरायला उभी केलीत. आता तर कळतंय की रस उकळून घातला असता तर मशीन झकास चाललं असतं. मग दुसऱ्या दिवशी काय? आलं उकळून मनीषा पुन्हा मशीन लावेल. गोष्ट खरी तिथे सुरू होते.

---

चहाटळ | रवि, दुपारी १२:४१

तात्यांना कुणीतरी दूध घालून चहा द्या रे, कोराच प्यायलेत आज.

---

हिशेबी | रवि, दुपारी २:०५

तात्यांशी सहमत, आणि मनीषाची बाजू कथेत आलीच नाही ही माझीही तक्रार. ती हिशेब लिहिणारी मुलगी आहे. 'नवं हवं' म्हणून ती मशीन आणणार नाही, वहीत काहीतरी दिसल्यामुळे आणेल. काय दिसलं असेल, तर दुपार.

माझ्या मावसभावाची टपरी आहे, त्याचे आकडे ढोबळ सांगतो. दूध, साखर, पावडर, गॅस धरून कपाला सहा रुपये पडतात, विकतो बाराला. सकाळी पातेलं चढवलं की वीस मिनिटांत संपतं, तिथे मशीन काय करणार? पण दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक तुरळक. मोठ्या पातेल्यात पंधरा कपांपेक्षा कमी टाकता येत नाही, तळाला लागतं. म्हणजे नव्वद रुपयांचा माल चढला. त्यातले सहा कप ताजे गेले, बहात्तर रुपये आले. उरलेले नऊ किटलीत. अर्ध्या तासाने तो चहा तुरट होतो, पुन्हा गरम केला की आणखी. मग एक तर ओतून द्यायचा, नाही तर तोच खपवून नाव घालवायचं. मावसभाऊ ओतून देतो आणि दोन तासांत अठरा रुपयांनी खाली जातो. ते जाऊ द्या, दुपारी उभ्या पोराचा पगार वेगळा.

मशीन कपागणिक चहा देतं, ओतून द्यावा लागत नाही. मनीषाचा मुद्दा एवढाच असणार. तिला खलबत्त्याशी भांडायचंच नाहीये.

---

ओट्यामागचा | रवि, दुपारी ४:२०

हिशेब चोख. आमच्याकडे यावर लहान पातेलं होतं, पाच कपांचं, दुपारचं. पण त्यालाही उभा माणूस लागतोच. वडील दुपारी स्वतः उभे राहायचे. अण्णांचं वय लिहिलं नाहीत, साठीच्या वर असतील तर दुपारी त्यांचे गुडघे बोलणार. तो तपशील घाला. या धंद्यात आधी गुडघेच जातात.

---

वकीलीणबाई | रवि, संध्या ५:१०

मला तिसरंच दिसलं. नारायण पेठेत वाड्यातलं दहा बाय आठचं दुकान म्हणजे नक्की जुन्या भाडेकराराचं, पागडीचं. मग 'पाटी आमची, जागा तुमची' म्हणणाऱ्या कंपनीला अण्णांनी हाकललं ते केवळ बाणेदारपणातून असेल असं नाही. जागा त्यांची आहेच कुठे?

---

बोका_पुणेकर | रवि, संध्या ५:२६

बरोबर. पागडीच्या जागेत भाडेकरूला मालकाला विचारल्याशिवाय खिळासुद्धा ठोकता येत नाही. मशीनही बसवता येणार नाही.

---

वकीलीणबाई | रवि, संध्या ५:५८

बोकाराव, आज तुमचा दिवस नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात कलम १६ आहे, मालक कोणत्या कारणांवर जागा परत मागू शकतो ते त्यात सांगितलंय. लेखी संमती नसताना कायमचं बांधकाम केलं, हे त्यातलं एक कारण. पण ओटा घातला, लाकडी आडोसा उभा केला, एवढ्याने ते कायमचं बांधकाम ठरत नाही. टेबलावर ठेवलेल्या मशीनचा तर प्रश्नच नाही. पोटमाळा काढला किंवा भिंत पाडली तर मात्र गोष्ट वेगळी.

खरी भानगड दुसऱ्याला जागा देण्यात आहे. पोटभाडेकरू ठेवला हेही त्याच कलमातलं कारण. कंपनीची पाटी लागली, गल्ला कंपनीकडे जाऊ लागला, की वाडा पाडायला टपलेला मालक दुसऱ्या दिवशी नोटीस धाडतो. करारावर 'भागीदारी' लिहून भागत नाही, दुकानाचा ताबा खरोखर कुणाकडे आहे हे कोर्ट बघतं. अशा खटल्यात सगळं पुराव्यावर जातं, त्यामुळे निकाल काय लागेल हे मी छातीठोक सांगणार नाही. पण अण्णांना रात्री झोप का लागत नाही याचं हे चांगलं कारण आहे, आणि मुलीला ते सांगताना त्यांना लाज वाटेल. सगळी पेठ 'अण्णांचं दुकान' म्हणते ना.

---

सुमेधा_ताई | रवि, संध्या ६:३०

बाई गं, एवढ्याशा गोड कथेत कोर्टकचेरी कशाला? मला आहे तशीच आवडली. आणि पितळेच्या चवीचं म्हणाल तर आजीचं चुकलं असेल, पण तिचा चहा चुकला नव्हता.

---

ओट्यामागचा | रवि, संध्या ६:५५

सुमेधाताई, हे वाक्य भावाला दुकानात लिहून लावायला सांगतो.

---

मुळशीकर | रवि, रात्री ८:१५

एक वेगळी शंका. पुण्यातली जुनी अमृततुल्यं राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मणांची. सोन्या मारुती चौकातलं आद्य अमृततुल्य १९२४ चं. अण्णा मराठी वाटतात. तो संदर्भ हवा ना?

---

ओट्यामागचा | रवि, रात्री ८:४०

आम्ही त्यातलेच. पण घरी आजोबांना सोडून कुणी अण्णांपेक्षा वेगळं बोलत नाही. चौथी पिढी कट्ट्यावर बसून 'काय राव' म्हणते. आडनाव न लिहिता तसंच राहू दिलं तरी चालेल. हवंच असेल तर गावाहून फोन आल्यावर अण्णांना दोन वाक्यं मारवाडीत बोलू द्या.

आणि कल्हईवाल्याचं एक राहिलं. तो फिरकत नाही हे आज खरंच आहे, पातेलं घेऊन आपल्याला जावं लागतं. भट्टीवर तापवतात, नवसागराची पूड टाकली की पांढरा धूर होतो, त्यावर कथलाची कांडी टेकवतात आणि कापसाच्या बोळ्याने फिरवतात. दोन मिनिटांत पातेलं आरसा होतं. ते टिकवायचं तर दोन पथ्यं आहेत. तारेची घासणी लावायची नाही आणि रिकामं पातेलं आचेवर ठेवायचं नाही. कथील दोनशे बत्तीस अंशांना वितळतं. आताचा मोठा बर्नर रिकाम्या पातेल्याला बघता बघता तिथवर नेतो, कल्हईचे थेंब होऊन तळाशी गोळा होतात. कथेत अण्णा 'पातेलं चढवलं, बर्नर पेटवला' आणि मग आलं कुटत बसले. पाणी कधी घातलं? माझ्या वडिलांनी तिथेच कानफटात दिली असती.

---

चहाटळ | रवि, रात्री ८:४४

अण्णांना बासष्टाव्या वर्षी कानफटात!

---

नीलाक्षी | रवि, रात्री ११:२०

सगळ्यांचे आभार. पाणी आधी घातलं आहे. पिवळा डाग राहिला, पण आता अण्णा पातेलं भट्टीवर देऊन आलेत आणि ते परत मिळेपर्यंत चार दिवस दुकान काढायचंय, म्हणूनच मशीनला हो म्हणतात. वकीलीणबाईंची नोटीस मध्ये कुठेतरी येईल, पुढच्या खर्ड्यात. गुडघे आले. तात्या, तुमच्यामुळे शेवट पाडून पुन्हा लिहिला. मनीषा आता रडत नाही.

*तिसऱ्या दिवशी मनीषाने आलं पाण्यात उकळून अर्कातच घातलं. अण्णा बाकड्यावर बसले होते, गिऱ्हाइकासारखे. ओट्याच्या बाहेरून त्यांना स्वतःचं दुकान लहान वाटलं. साडेसहाला कुलकर्णी काका आले, कप घेतला, उभ्याउभ्या फुंकर घालून संपवला. मग अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आज आलं झकास कुटलंयस हो."*

*खलबत्ता फळीवर पालथा होता. मनीषाने अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "काका, उद्या लवकर या."*

---

तिरकस_तात्या | रवि, रात्री ११:३८

हं. आता अण्णांना झोप लागणार नाही. हे चाललं.

---

ओट्यामागचा | सोम, सकाळी ५:५०

रात्रीच वाचलं, उत्तर सुचायला सकाळ झाली. मला शेवट लागला, पण पटला नाही. मशीनमध्ये दूध आणि पावडर एकत्र उकळत नाहीत, कपात भेटतात. पातेल्यात दूध थोडं आटतं, पळीने वर उचलून सोडताना त्याला दाटपणा येतो. पंचावन्न वर्षं तो चहा पिणाऱ्या माणसाच्या जिभेला हे कळणारच. आल्याने नाक फसेल, जीभ फसणार नाही.

---

हिशेबी | सोम, सकाळी ९:१०

की काकांना कळलं, आणि अण्णांसाठी म्हणाले?

---

ओट्यामागचा | सोम, सकाळी ९:४१

...मग ठीक आहे.

---

गृहकृत्यदक्ष | सोम, सकाळी १०:०३

माझं राहिलंच. गॅसवर करायचं ठरवलं. चार कपांना किती मापाचं पातेलं घेऊ?

---

ओट्यामागचा | सोम, सकाळी १०:३०

दीड लिटरचं, जड तळाचं. दुकानातच आत बोट फिरवून बघा, पांढरं सगळीकडे सारखं हवं. आणि आधी पाणी.